डाव्या मेंदूचा लकवा : एकाला शब्द येत नाही, दुसरीचं बोलणं थांबत नाही. असं काहून?

कास्तकार_दारव्हा
एकाच पंधरवड्यात आमच्या गावात दोन लकवे झाले. दोघांच्याही सिटी स्कॅनवर 'डाव्या बाजूला रक्तपुरवठा बंद' असंच लिहून आलं. पण दोघांचं बोलणं अगदी उलट्या तऱ्हेनं बिघडलं आहे, म्हणून हा धागा.

माझे मोठेबाबा, वय ६२. उजवा हात उचलत नाही, तोंड थोडं वाकडं आहे, पण काठी घेऊन चालतात. बोलायला लागले की एकेक शब्द ओढून काढावा तसा येतो. "चहा... नको... हात... हात..." एवढंच. शब्द आला नाही की चिडतात, डोळे भरून येतात. आपण बोलतो ते त्यांना कळतं असं वाटतं.

दुसऱ्या शेजारच्या काकू, पंचेचाळिशीच्या. हातपाय ठीक. भराभर बोलतात, सूर नेहमीचाच, पण अर्थ लागत नाही. "ते पल्याडचं कोसलं घेतलं ना, मग त्याचं उतरतं करून दिलं" असं काहीतरी. आपण विचारतो एक, त्या सांगतात भलतंच. घरच्यांनी चार दिवस 'बाहेरचं' समजून इकडेतिकडे नेलं. मग कोणीतरी सिटी करायला लावली.

जागा डावीच, तर फरक कशानं? आणि घरच्यांनी दोघांशी बोलायचं कसं?

बाळासर_पुसद
आपल्या शरीराची उजवी बाजू डावा मेंदू चालवतो. भाषाही बहुतेकांची डावीकडेच असते. तिथे दोन केंद्रं आहेत. कपाळाच्या बाजूला ब्रोका, ते बोलतं. कानामागे वर्निके, ते समजतं. तुमच्या मोठेबाबांचं ब्रोका गेलं, म्हणून त्यांना सगळं कळतं पण बोलता येत नाही. काकूंचं वर्निके गेलं, म्हणून बोलता येतं पण कळत नाही. इतकं सोपं आहे.

वाचा_उपचार_वर्धा
सर, दिशा बरोबर आहे, पण 'सगळं कळतं' इथं घरचे लोक फसतात. आणि काकूंचं बोलणं शाबूत आहे असंही नाही. त्यांचे ओठ आणि जीभ चालतात, वाक्याची चाल चालते, पण आत शब्द चुकीचे भरले जातात. म्हणजे बिघाड बोलण्यातही आहे.

कास्तकार भाऊ, काही सांगण्याआधी मोठेबाबांची एक साधी तपासणी घरीच करून बघा. टीव्ही बंद करा, समोर एकच माणूस बसा. बोलताना हात हलवू नका आणि वस्तूकडे बघूही नका, कारण पेशंट तुमच्या नजरेवरून उत्तर ओळखतो आणि घरच्यांना वाटतं त्यांना शब्द कळला.

आधी "काल दिवसभर काय केलं?" विचारून एक मिनिट नुसतं ऐका. एका दमात किती शब्द येतात, ते शब्द कोणते, 'ला', 'ने', 'चा' लागतात का, ते लिहून घ्या. मग सांगा, "छताकडे बोट दाखवा." जमलं तर, "आधी दार दाखवा, मग खाट." हात डावाच वापरू द्या. पुढे हो-नाहीचे प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्न उलटूनही विचारा : "दगड पाण्यावर तरंगतो का?", "दगड पाण्यात बुडतो का?" दोन्हींना 'हो' आलं, तर ते 'हो' धरायचं नाही.

मग तुमच्यामागून म्हणायला लावा : "पाणी", "आज बाजार आहे", "मुलगा वावरात गेला नाही." चष्मा, विळा, टोपली दाखवून नावं विचारा. डाव्या हातानं नाव आणि एक वाक्य लिहायला सांगा. अक्षर कसंही असो, शब्द कोणते येतात ते बघायचं.

शेवटी हे वाक्य सांगून प्रश्न विचारा : "बैलाला गाईनं मारलं. कोणी मारलं?" उत्तर जसंच्या तसं इथं लिहा.

ग्रामीण_फिजिशियन
ताईंची तपासणी होईपर्यंत रक्तवाहिन्यांचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

मेंदूच्या डाव्या बाजूच्या बाहेरच्या भागाला मुख्यतः मिडल सेरेब्रल नावाची धमनी रक्त देते. आपल्याकडच्या कालव्यासारखं बघा. मुख्य कालवा पुढे जाऊन दोन पाटांत फुटतो. वरचा पाट कपाळाकडच्या भागाला पाणी देतो आणि खालचा कानाजवळच्या भागाला. ब्रोका वरच्या पाटावर आहे, वर्निके खालच्या.

आता मोठेबाबांकडे बघा. ब्रोकाच्या लगेच मागे उजव्या चेहऱ्याला आणि उजव्या हाताला हुकूम देणारी पट्टी आहे, आणि तीही वरच्याच पाटावर भिजते. म्हणून बोलणं, तोंड आणि हात एकदम गेले. पायाची जागा त्याच पट्टीत, पण मेंदूच्या माथ्यावरून आतल्या बाजूला उतरते आणि तिला वेगळी धमनी रक्त देते. म्हणून ते काठीनं चालू शकतात. तुम्ही लिहिलेल्या एका ओळीतून रक्ताची गाठ कुठे अडकली असेल याचा अंदाज येतो.

काकूंचा खालचा पाट बंद झाला. त्यावर हातापायाची पट्टी नाहीच, म्हणून हातपाय शाबूत. डोळ्यांकडून येणारे काही तंतू मात्र तिथून जातात, म्हणून उजव्या बाजूचं, बरेचदा उजवीकडचं वरचं, दिसणं कमी होतं. उजवीकडून माणूस आला तर दचकतात का, चौकटीला उजवा खांदा आपटतो का, ते विचारा. मुख्य कालवाच फुटण्याआधी बंद झाला, तर दोन्ही भाग जातात. पेशंट बोलतही नाही, समजतही नाही, उजवी बाजू पूर्ण लुळी पडते.

वैशाली_वणी
डॉक्टरसाहेब, माह्या मायचं बोलणं परवापासून जड झालं. जीभ अडखळते, बोबडं येते. पण चिठ्ठी लिहून सारं बराबर सांगते, आमचं सारं समजते. तिचंई ब्रोकाच गेलं म्हणाव का? गावचे म्हणतात वारं लागलं, उतरन.

ग्रामीण_फिजिशियन
वैशालीताई, लिहून बरोबर सांगतात म्हणजे भाषा जागेवर आहे. बिघाड जीभ-ओठांच्या हालचालीत आहे. ब्रोका गेला की लिहिणंही तसंच तुटक होतं, कारण हरवलेली गोष्ट जिभेची ताकद नसून शब्दांची जुळणी असते. पण ही सुटकेची गोष्ट समजू नका. अचानक जड झालेली जीभ हाही लकवा असू शकतो, आणि तो डाव्या, उजव्या किंवा मेंदूच्या मागच्या खालच्या भागातलाही असतो. परवापासून आहे म्हणता, तर आजच नेऊन साखर, बीपी आणि सिटी करून घ्या. तोवर पाणी पाजताना ठसका लागतो का बघा. लागत असेल तर तोंडानं काही देऊ नका, ते छातीत उतरतं.

वैशाली_वणी
ठसका लागते. आत्ता निघतो आमी.

भोयर_आर्णी
ज्यांना लिहिताच येत नाही त्यांचं कसं ओळखायचं? आमच्याकडे साठीपुढच्या बायका बहुतेक तशाच आहेत.

वाचा_उपचार_वर्धा
कान देऊन ऐका. उच्चार कितीही बोबडा असला तरी शब्द योग्य आणि वाक्य पुरं असेल, तर बिघाड जिभेचा. उच्चार स्वच्छ पण विळ्याला 'टोपली' म्हटलं, किंवा शब्दच नवा घडवला, तर बिघाड भाषेचा. दोन्ही एकत्रही असतात, मोठेबाबांसारख्या पेशंटमध्ये तर बरेचदा.

कास्तकार_दारव्हा
ताई, संध्याकाळी बसलो. जसं झालं तसं लिहितो.

काल काय केलं विचारल्यावर : "दवाखाना... गाडी... पोरगं... सुई... नाही... हात." एका दमात एक, फार तर दोन शब्द. 'ला', 'ने' जवळजवळ नाहीच. क्रियापद आलं तर "जाणे" नाहीतर "जाते", स्वतःबद्दल बोलतानाही "जाते"च.

छत दाखवलं. दार मग खाट, हेही बरोबर. दगडाचे दोन्ही प्रश्न बरोबर, मान हलवून. "पाणी" म्हटलं, "आज बाजार" इतकं आलं, तिसरं वाक्य "मुलगा... वावर..." वर अडकलं. चष्म्याला बराच वेळ लागला, पहिलं अक्षर 'च' सांगितलं तर लगेच आला. लिहायला दिलं तर नाव निम्मं आणि "शेत पाणी".

बैलाच्या प्रश्नाला ठामपणे म्हणाले, "बैल." तीनदा विचारलं, तिन्ही वेळा बैल.

एक गोष्ट मात्र समजली नाही. भजनाची ओळ सुरू करून दिली तर पुढची अख्खी ओळ म्हणतात, एकही शब्द न अडखळता. एक ते दहाही म्हणतात. मग बोलताच येत नाही असं कसं?

वाचा_उपचार_वर्धा
छान नोंद केलीत. हे चित्र ब्रोकाचंच आहे. 'बैल' या उत्तराकडे बघा, सर तुम्हीही बघा. बैल, गाय, मारणं हे तिन्ही शब्द त्यांना कळले. पण कोणी कोणाला, हे सांगणारं काम 'ला' आणि 'नं' करतात, आणि तेवढंच त्यांच्या हातून निसटतं. मग मेंदू सोपा मार्ग धरतो, जो आधी आला तो करणारा. "गाईनं बैलाला मारलं" असं विचारलं तर बरोबर सांगतील, पण तो बऱ्याच अंशी योगायोग. बोलताना जी जोडणी तुटली आहे, तीच ऐकतानाही तुटलेली असते. फक्त ऐकताना दिसत नाही, कारण रोजच्या बोलण्यात अर्थावरून अंदाज बांधता येतो. "भाकर पोरानं खाल्ली" यात भाकर पोराला खाणार नाही हे कोणालाही कळतं.

घरात याचा परिणाम गोळ्यांवर होतो. "पांढरी गोळी पिवळीच्या आधी घ्या" हे वाक्य त्यांच्यासाठी बैलाच्या वाक्याइतकंच अवघड आहे. पांढरी हातात द्या, ती घेतली की पिवळी द्या.

मराठीत शेवट गाळून चालत नाही अशा ठिकाणी पेशंट तो गाळण्याऐवजी चुकीचा लावतात. त्यांचं सगळीकडचं "जाते" त्यातलंच. त्यावर हसू नये आणि दुरुस्तही करत बसू नये.

भजन आणि आकडे ही पाठ झालेली माळ असते. ती वाक्य नव्यानं जुळवून येत नाही, अख्खीच्या अख्खी बाहेर पडते, आणि त्यात उजव्या मेंदूचा वाटा असतो असं मानतात. शिव्याही अशाच सुटतात. त्यामुळे भजन आलं म्हणून 'बोलता येतं पण मुद्दाम बोलत नाहीत' असा अर्थ काढू नका.

बाळासर_पुसद
बैलाचं उदाहरण वर्गात वापरण्यासारखं आहे. मी 'सगळं कळतं' म्हणालो ते मागे घेतो. पण ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं १८६१ मध्ये ज्या पेशंटवरून हे शोधलं, तो तर फक्त 'टां' एवढंच म्हणायचा आणि त्याला समजत होतं ना? मग जागा तर तीच ठरली.

ग्रामीण_फिजिशियन
सर, पेशंट लबोर्न्य, पॅरिसजवळचं बिसेत्र रुग्णालय. उजवी बाजूही लुळी होती. ब्रोकानं शवविच्छेदनात मेंदू बाहेरून बघितला आणि कापला नाही, तो जपून ठेवला. २००७ मध्ये त्याच मेंदूचं एमआरआय केलं, तेव्हा इजा बाहेरच्या त्या जागेपेक्षा खूप खोल गेलेली आणि पुढच्या-मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचलेली दिसली. वर्निके या डॉक्टरचं काम १८७४ चं, तेव्हा तो २६ वर्षांचा होता, आणि केंद्रांना जोडणारे तंतू ही कल्पना त्याच्याच मांडणीत आहे.

वॉर्डात याचा उपयोग असा. गाठ छोटी असून फक्त ब्रोकाची जागा गेली, तर पेशंट काही दिवस मुका होतो आणि बरेचदा काही आठवड्यांत चांगला सुधारतो. महिनोन्‌महिने टिकणारं तुटक बोलणं बहुधा मोठ्या, खोल इजेचं असतं. म्हणून अहवालात फक्त 'डावी बाजू' न बघता इजा किती मोठी आणि किती खोल ते विचारा. शब्दांचा अर्थ नेमका वर्निकेच्याच जागी असतो का, यावर तर अजून वाद चालू आहे.

कास्तकार_दारव्हा
काकूंच्या घरी जाऊन आलो. उजव्या खांद्याचं खरं आहे, कालच चौकटीला आपटल्या. मी "छताकडे बोट दाखवा" म्हटलं तर हसून दुसरंच बोलत राहिल्या. पण "डोळे मिटा" म्हटल्यावर मिटले. मग समजतं की नाही? आणि चहा स्वतः करतात, साखर-पत्ती बरोबर.

वाचा_उपचार_वर्धा
"डोळे मिटा", "उभ्या राहा" असे अख्ख्या अंगाचे किंवा मधल्या अंगाचे हुकूम वर्निकेच्या पेशंटमध्ये बरेचदा वाचतात. हातानं अमुक दाखवा म्हटलं की गळतात. म्हणून डोळे मिटण्यावरून 'समजतं' ठरवू नका. "पाणी" म्हणून दाखवायला सांगा, तेही चुकीचंच येईल असा माझा अंदाज आहे.

चहा करतात ही फार कामाची खूण आहे. डोकं भ्रमात असलेला माणूस चहा करताना पातेलं रिकामं ठेवेल, मधेच विसरेल, तासातासाला कमीजास्त होईल. त्याचे शब्द मात्र बहुधा खरे असतात, संगती नसते. काकूंचं उलट. वागणं जागेवर, शब्द बिघडलेले, आणि सुरुवात एका क्षणात. आपलं बोलणं चुकतंय हे त्यांना बहुधा कळतच नाही, कारण स्वतःचं बोलणं तपासायलाही तेच केंद्र लागतं. म्हणून मोठेबाबा रडतात आणि काकू हसतात. पुढे लोक आपल्याला उत्तर नीट देत नाहीत असं वाटून त्या संशयी किंवा चिडक्या होऊ शकतात.

त्यांच्याशी मोठ्यानं बोलून उपयोग नाही, कान ठीक आहेत. वाक्य चार शब्दांचं ठेवा, वस्तू दाखवा, हातवारे करा. तपासणीत मना केलेलं सगळं इथं करायचं. विषय बदलताना थांबून नवीन वस्तू पुढे करा. त्या बोलत सुटल्या तर हात वर करून हळूच थांबवा.

मोठेबाबांना उलट वेळ द्या. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजा, मग पहिलं अक्षर सांगा. "काय पाहिजे?" ऐवजी "चहा की पाणी?" विचारा. भजन येतं, समज बरी आहे, म्हणून सुरावर बोलण्याचा सराव त्यांना लागू पडू शकतो. "पाणी दे" एवढंच घ्या, दोन सुरांत गुणगुणा, प्रत्येक अक्षराला त्यांच्या डाव्या हातानं मांडीवर थाप द्यायला लावा. आधी तुम्ही म्हणा, मग दोघं मिळून, मग तुमचा आवाज हळूहळू काढून घ्या, शेवटी सूर सोडून साधं बोलणं. थकले की थांबा. काकूंना हा सराव देऊ नका, तिथे बोलणं सुटण्याची अडचणच नाही.

ग्रामीण_फिजिशियन
काकूंचं एक राहिलं. पंचेचाळिशी आणि फक्त खालची फांदी बंद, हे हृदयातून उडून आलेल्या गाठीसारखं वाटतं. मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला सांगा. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर ईसीजी आणि इको लगेच. आपल्या भागात लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप आकसलेल्या बायका अजून सापडतात. तसं निघालं तर नुसती ॲस्पिरिन पुरत नाही, रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन लागते आणि त्यासाठी रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आयएनआर तपासत राहावं लागतं. ती कधी सुरू करायची हे इजेच्या आकारावर ठरतं, घाईनं दिली तर इजेतच रक्तस्राव होतो.

पुढच्या वेळी असं बोलणं अचानक बिघडलं, तर हातपाय चालतात म्हणून थांबू नका. गाठ विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांतच देतात, आणि वेळ शेवटचं नीट बोलताना कोणी बघितलं तिथून मोजतात. झोपेतून उठल्यावर दिसलं, तर झोपायच्या वेळेपासून. १०८ ला फोन करतानाच सिटी आणि हे इंजेक्शन कुठं मिळेल ते विचारा. घरी ॲस्पिरिन किंवा बीपीची जादा गोळी देऊ नका. रक्त गोठलंय की फुटलंय हे सिटीशिवाय सांगता येत नाही, आणि बीपी एकदम पाडलं तर अर्धमेला भागही मरतो. साखर मात्र पहिल्याच ठिकाणी तपासा, साखर उतरल्यावरही असंच बोलतात.

मडावी_झरी
आमच्या आजोबांची घरची भाषा गोंडी, मराठी बाजाराची. लकव्यानंतर दवाखान्यात मराठीत विचारलं तर गप्प, कागदावर 'समजत नाही' लिहिलं. घरी गोंडीत विचारलं तर थोडं सांगतात. मग मराठीच गेली का?

वाचा_उपचार_वर्धा
दादा, तो शेरा मराठीपुरता धरा. तपासणी घरच्या भाषेत व्हायला हवी, बैल-गाईचं वाक्यसुद्धा गोंडीत. बऱ्याच जणांच्या दोन्ही भाषा एकत्र बिघडतात आणि एकत्र सुधारतात. काहींची एकच आधी येते, आणि ती लहानपणीचीच असेल असंही नाही. कोणाची कोणती, हे आधी सांगता येत नाही. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, नंतरही होत राहते, म्हणून आत्ता जी येते तीच वापरा. पुढच्या वेळी गोंडी बोलणारं घरचं माणूस तपासणीच्या वेळी आत बसू द्या म्हणून सांगा.

मडावी_झरी
सोमवारी दाखवायचं आहे. आजीला सोबत घेतो. वाक्य गोंडीत करून बघितलं, "बैल"च म्हणाले.

कास्तकार_दारव्हा
काकूंची नाडी त्यांच्या मुलानं मोजली. मधेच दोन ठोके जवळजवळ, मग मोठी खंड. उद्या सकाळच्या गाडीनं यवतमाळला ईसीजीला नेतोय.